साडेआठ मिलिमीटरचा कणा

पुस्तकाचं मुखपृष्ठ बघायला सगळे जमतात. प्रकाशक, लेखक, लेखकाच्या घरचे, दोन-चार मित्र. रंग जरा गडद हवा, चित्र थोडं वर घ्या, अशी चर्चा तासभर चालते. मलपृष्ठ आणि कणा मात्र बहुतेक वेळा ‘ते बसवून टाका’ एवढ्या एका वाक्यात निकालात निघतात. छापून आल्यावर चुका दिसतात त्या नेमक्या तिथेच. नाव कण्यावरून घसरून मलपृष्ठावर आलेलं असतं, ब्लर्ब वाचायला भिंग लागतं, आणि दुकानातलं यंत्र बारकोड वाचत नाही म्हणून काउंटरवरचा मुलगा तेरा आकडे हाताने टाईप करत बसतो.

गंमत अशी की मुखपृष्ठ चांगलं की वाईट यावर मतभेद होऊ शकतात. मागच्या बाजूचं बरंचसं मोजपट्टीने ठरवता येतं. ते कसं, हे बघायला एक काल्पनिक पुस्तक घेऊ. नाव ‘दुष्काळी मुलुखातल्या नोंदी’. आकार मराठीत सर्वांत जास्त चालणारा डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, मिलिमीटरमध्ये साधारण १४० बाय २१६. पानं १७६, म्हणजे सोळा पानी अकरा फॉर्म. आतला कागद ७० जीएसएम मॅपलिथो, कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड, बांधणी परफेक्ट बाइंडिंगची, म्हणजे शिवण न घालता गोंदाने चिकटवलेली.

पहिला प्रश्न कण्याच्या रुंदीचा, कारण कव्हरच्या फाइलची सगळी मापं तिच्यावर उभी असतात. इथे अनेकांचा घोटाळा होतो तो जीएसएमवरून. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ती जाडी नव्हे. त्याच वजनाचा एक कागद घट्ट दाबलेला असतो, दुसरा फुगीर असतो. कागदवाले या फुगीरपणाला बल्क म्हणतात. जीएसएमला बल्कने गुणलं की जाडी मायक्रॉनमध्ये मिळते. आपल्या मॅपलिथोचा बल्क १.३ धरला तर ७० गुणिले १.३ म्हणजे ९१ मायक्रॉन, अर्थात ०.०९१ मिलिमीटर. १७६ पानं म्हणजे ८८ पत्रे. ८८ गुणिले ०.०९१ म्हणजे ८ मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या कव्हरची जाडी मिळून सुमारे अर्धा मिलिमीटर. कणा झाला साडेआठ मिलिमीटर.

आता ऐन वेळी हा कागद मिळाला नाही आणि त्याऐवजी ८० जीएसएमचा, १.६ बल्कचा फुगीर कागद आला असं समजा. पानं तेवढीच, पण एका पत्र्याची जाडी १२८ मायक्रॉन होते आणि कणा जवळपास १२ मिलिमीटरवर जातो. पुस्तक हातात घेतलं तर भरीव वाटतं, वाचकालाही बरं वाटतं. फक्त कव्हर साडेआठ मिलिमीटरचं छापून तयार असतं. त्यामुळे नाव कण्याच्या मधोमध न येता एका कडेला जातं, आणि कण्याची रंगीत पट्टी असेल तर तिच्या बाजूला मलपृष्ठाचा नाहीतर मुखपृष्ठाचा रंग कण्यावर चढून बसतो.

याचं मूळ कामाच्या क्रमात आहे. प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात करायची म्हणून कव्हर आधी तयार होतं. आतली पानं अजून मुद्रितशोधकाकडे असतात, प्रस्तावना यायची असते, कागद ठरायचा असतो. मुखपृष्ठ खुशाल आधी करावं. पण कणा आणि मलपृष्ठ यांना अंतिम मान्यता पानांची संख्या आणि कागद या दोन गोष्टी पक्क्या होईपर्यंत देऊ नये. आणि गणितावरही पूर्ण विसंबू नये. छापखान्यातून त्याच कागदाचे ८८ कोरे पत्रे मागवावेत, हलके दाबून व्हर्नियरने जाडी मोजावी. बाइंडर कोऱ्या कागदाची डमी बांधून देत असेल तर उत्तमच. मुद्रणापूर्वी करायच्या सगळ्या तपासण्यांत इतकी स्वस्त आणि इतकी टाळली जाणारी तपासणी दुसरी नसेल.

रुंदी कळली की फाइलचं माप निघतं. सपाट पसरलेल्या कव्हरवर डावीकडे मलपृष्ठ, मध्ये कणा, उजवीकडे मुखपृष्ठ. १४० अधिक ८.५ अधिक १४० म्हणजे २८८.५ मिलिमीटर, शिवाय कापणीसाठी चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर ब्लीड. हातात आलेल्या फाइलची रुंदी २९४.५ आणि उंची २२२ नसेल, तर बाकी काहीही बघण्याआधी ती परत पाठवावी.

आता नाव. साडेआठ मिलिमीटरच्या कण्यावर साडेआठ मिलिमीटर वापरायला मिळत नाहीत. बाइंडिंगच्या यंत्रात कव्हर गुंडाळताना पुस्तकागणिक ते थोडं इकडेतिकडे सरकतं. म्हणून दोन्ही घड्यांपासून निदान दीड-दीड मिलिमीटर जागा मोकळी ठेवायची. ॲमेझॉनच्या केडीपी या छपाई सेवेतही कण्यावरच्या मजकुराला दोन्ही बाजूंना १.६ मिलिमीटर अंतर सक्तीचं आहे आणि साधारण ऐंशी पानांखालच्या पुस्तकाच्या कण्यावर मजकूर छापूच देत नाहीत. आपल्याकडे अशी सक्ती नाही, म्हणून चौसष्ट पानी कवितासंग्रहांच्या कण्यावर मुंगीएवढी अक्षरं दिसतात, तीही अर्धी घडीवर. एवढ्या बारीक पुस्तकाचा कणा कोरा ठेवणं हाच शहाणपणा.

आपल्याकडे उरले साडेपाच मिलिमीटर. इंग्रजी पुस्तकाच्या मांडणीची सवय असलेला डिझायनर इथे सोळा पॉइंटचं अक्षर सहज टाकतो, कारण रोमन लिपीतलं सोळा पॉइंटचं कॅपिटल अक्षर जेमतेम चार मिलिमीटर उंच असतं. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. आपल्या नावात दोन्हींची गर्दी आहे: वर ‘ळी’ची वेलांटी आणि ‘नों’चा मात्रा-अनुस्वार, खाली ‘दु’, ‘मु’, ‘लु’चे उकार. सोळा पॉइंटला वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंतचं अंतर मोजलं तर बऱ्याच फाँटमध्ये ते साडेसहा मिलिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे एक मिलिमीटर जास्त. तेरा पॉइंटला तेच अंतर सव्वापाचच्या थोडं पुढे येतं आणि नाव बसतं. फाँट बदलला की हे आकडे बदलतात, त्यामुळे आपल्या फाँटचं माप आपणच घ्यावं. पण मोजायचं ते टोक ते तळ. पॉइंटचा आकडा बघून भागत नाही.

तेरा पॉइंट लहान वाटेल. पण २१६ मिलिमीटर उंचीच्या कण्यावर आपलं नाव त्या आकारात चार-साडेचार सेंटिमीटरच घेतं; लांबीला जागाच जागा आहे, अडचण आहे ती रुंदीची. अशा वेळी आकार वाढवण्याच्या मोहात न पडता अक्षराचं वजन वाढवावं, म्हणजे ठळक फाँट घ्यावा, आणि वेलांट्या-उकार आखूड असलेला फाँट शोधावा. मुखपृष्ठावरचं सुलेखन जसंच्या तसं कण्यावर आणण्याची हौस इथे हमखास नडते. सुलेखनातल्या लांबलचक फटकाऱ्यांना साडेपाच मिलिमीटरमध्ये कोंबलं की मूळ अक्षर दोन मिलिमीटरचं उरतं.

देवनागरीची आणखी एक अडचण इंग्रजीवाल्यांना माहीतच नसते. नाव वरून खाली वाचायच्या दिशेने लावलं की शिरोरेषा मुखपृष्ठाच्या बाजूला येते आणि कण्याच्या घडीला समांतर अशी जवळजवळ सलग रेघ तयार होते. दोन समांतर रेघांमधला फरक डोळ्याला फार लवकर कळतो. कव्हर अर्ध्या मिलिमीटरने तिरकं गुंडाळलं गेलं तरी इंग्रजी नाव खपून जातं, मराठी नाव मात्र वाकडं दिसतं. त्यात कण्याची पट्टी वेगळ्या रंगाची असेल तर तिसरी रेघही येते. म्हणून बारीक कण्याच्या मराठी पुस्तकाला वेगळ्या रंगाची काटेकोर पट्टी देऊच नये, असं माझं मत आहे. मुखपृष्ठाचा रंग तसाच कण्यावरून मलपृष्ठाकडे जाऊ द्यावा. थोडंफार सरकलं तरी कुणाला कळत नाही.

नाव मधोमध आहे का, हेही संगणकावर सोपवू नये. संगणक मजकुराची चौकट मधोमध ठेवतो. चौकटीत वरखाली मोकळी जागा सारखी नसते आणि देवनागरीचं दृश्य वजन शिरोरेषेकडे झुकलेलं असतं. त्यामुळे आकड्यांनी बरोबर असलेलं नाव डोळ्यांना सरकलेलं वाटतं. छापील प्रत हातात धरून ते पाव-अर्धा मिलिमीटर हलवावं लागतं. (एकाखाली एक अक्षर रचून नाव उभं लिहिण्याची पद्धत काही जाड पुस्तकांवर दिसते. शिरोरेषेचे तुकडे होतात आणि ‘ष्का’, ‘ल्या’ ही जोडाक्षरं पायऱ्यांसारखी लटकतात. मला ती कधीच वाचनीय वाटलेली नाही.)

कण्याच्या तळाला प्रकाशनसंस्थेचं बोधचिन्ह असतं. ते असावंच, पण तळापासूनचे तीन-चार सेंटिमीटर आपले नाहीत हे धरून चालावं. सार्वजनिक ग्रंथालयांत वर्गांकाची चिठ्ठी सहसा तिथेच चिकटते. लेखकाचं नाव त्या पट्ट्यात ठेवलं तर ज्या वाचकाला लेखकाच्या नावावरून पुस्तक शोधायचं आहे, त्याच्यासमोरच ते झाकलेलं असतं.

आता मलपृष्ठ. इथे भांडण ब्लर्ब आणि बारकोडचं असतं, आणि त्यात बारकोडला आधी जागा द्यावी, कारण त्याचं माप आपल्या हातात नाही. आयएसबीएन २००७ सालापासून तेरा आकडी झाला आणि पुस्तकांवरचा बारकोड म्हणजे तोच क्रमांक रेघांच्या भाषेत. भारतीय पुस्तकांचे क्रमांक ९७८ नंतर ८१ किंवा ९३ ने सुरू होतात. ते दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतात. या बारकोडचं मूळ माप ३७.३ बाय २५.९ मिलिमीटर. लहान करायचा तर ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे २९.८ बाय २०.७. त्याखाली जाऊ नये.

या मापात दोन्ही बाजूंची कोरी जागाही धरलेली आहे: डावीकडे साधारण ३.६ मिलिमीटर, उजवीकडे २.३. यंत्राला रेघा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे त्या कोऱ्या जागेवरून कळतं. डिझायनरला ती वाया गेलेली वाटते. तो पांढरी चौकट रेघांच्या अगदी कडेला कापतो, आणि बारकोड दिसायला नीटनेटका पण यंत्रापुरता मुका होतो. रंगाचंही तसंच. बहुतेक दुकानी स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. त्या प्रकाशात लाल रेघा पांढऱ्याच दिसतात. मुखपृष्ठावरच्या गेरूशी जुळावा म्हणून बारकोड लाल-तपकिरी केला की तो दुकानात चालत नाही. पांढऱ्यावर काळा, आणि तो काळाही फक्त काळ्या शाईचा. चारही रंग मिळून बनवलेला काळा असेल तर प्लेट केसभर हलली तरी प्रत्येक रेघेला रंगीत कड येते. बारकोड कुठून तरी उतरवून घेतलेलं, ताणून मोठं केलेलं अस्पष्ट चित्र असेल तर रेघांच्या कडा धूसर होतात. तो रेघांच्या मूळ व्हेक्टर रूपातच हवा. त्यावरून स्पॉट यूव्हीची चमक फिरवू नये.

जागा म्हणाल तर कापणीच्या कडेपासून निदान आठ मिलिमीटर आत. मलपृष्ठ समोर धरलं तर कणा उजवीकडे असतो, म्हणून खाली उजवीकडे बारकोड ठेवताना तो कण्याजवळच्या दुमडीच्या रेषेवर जात नाही ना, हे बघायचं. आणि शेजारी किमतीसाठी पुरेशी मोकळी जागा ठेवायची. वर्षभरात कागद महागतो, गोदामातल्या प्रतींवर नव्या किमतीची चिठ्ठी लागते. तिला जागा नसेल तर ती बारकोडवरच बसते.

आपल्या पुस्तकात तळाचा ४५ मिलिमीटरचा पट्टा बारकोड, आयएसबीएन, किंमत आणि प्रकाशकाचं नाव यांना गेला. वर १८ मिलिमीटर समास, मजकूर आणि पट्टा यांच्यात ८ मिलिमीटर मोकळे. उरले १४५. त्यात लेखकाचं छायाचित्र आणि चार ओळींचा परिचय ४५ घेतो. ब्लर्बसाठी राहिली १०० मिलिमीटर उंची. दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास सोडला तर ओळीची लांबी ११०. बारा पॉइंटचं अक्षर आणि अठरा पॉइंटचं ओळीचं अंतर धरलं, तर एक ओळ ६.३५ मिलिमीटर उंची घेते. म्हणजे पंधरा ओळी. अशा ओळीत मराठीचे साधारण दहा शब्द मावतात. परिच्छेद तुटतात, शेवटच्या ओळी अर्ध्या राहतात. हिशेबाने ब्लर्बला १३० शब्द मिळतात.

संपादकाकडून आलेला ब्लर्ब सहसा याच्या दुप्पट असतो. आपल्याकडे तो प्रस्तावनेतला एखादा परिच्छेद उचलून केलेला असतो. प्रस्तावनाकार मोठे असतील तर त्यातला शब्दही हलवायचा नाही, असा दंडक. मग २४० शब्द त्याच जागेत बसवायला अक्षर साडेनऊ पॉइंटवर आणि ओळीचं अंतर चौदावर आणतात. गणिताने ते बसतंसुद्धा: वीस ओळी, ९९ मिलिमीटर. पण आतला मजकूर बारा-तेरा पॉइंटचा आणि पुस्तक विकत घ्यायला लावणारा मजकूर त्याहून लहान, हे उलटंच झालं. त्यात मलपृष्ठ गडद असेल तर अक्षरं पांढरी, म्हणजे शाई न लागलेल्या कागदाची. चार रंगांच्या छपाईत शाई किंचित पसरते, एखादा रंग किंचित सरकतो. अनुस्वाराचा ठिपका बुजतो, शिरोरेषा मध्येच तुटते. गडद पार्श्वभूमी हवीच असेल तर अक्षर बारा पॉइंटच्या खाली नको आणि बारीक कण्यांचा फाँटही नको.

तेव्हा कापायचं ते मजकुरातून. ‘अत्यंत ओघवत्या शैलीत’, ‘वाचकाला खिळवून ठेवणारं’, ‘मराठी साहित्यात मोलाची भर’ ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चालतात, म्हणून ती आधी जावीत. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव ब्लर्बमध्ये पुन्हा येत असेल तर तेही; दोन्ही कव्हरवर आहेतच. पुरस्कारांची यादी परिचयात घालावी, नाहीतर आतल्या पानावर. आपल्या पुस्तकाच्या ब्लर्बमध्ये राहावं ते एवढंच: हा मुलूख कोणता, नोंदी कोणत्या काळातल्या, त्या कुणी आणि का ठेवल्या, आणि त्यातला एक असा तपशील की दुकानात उभ्या माणसाने पुस्तक उघडावं. प्रस्तावनाकारांना दुखवायचं नसेल तर पूर्ण परिच्छेद आत ठेवून त्यातली दोन वाक्यं त्यांच्या नावासह मलपृष्ठावर घ्यावीत. बहुतेक जण राजी होतात. आधी विचारलं तर.

हे सगळं पडद्यावर तपासू नये. पडद्यावर मलपृष्ठ हव्या त्या आकारात दिसतं आणि साडेनऊ पॉइंटही टपोरं वाटतं. कव्हर ए-थ्री कागदावर शंभर टक्के मापात छापावं. ‘पानात बसवा’ हा पर्याय चुकून चालू राहिला की सगळी मापं खोटी ठरतात, म्हणून छापल्यावर बारकोड पट्टीने मोजून घ्यावा. मग ते कापून कोऱ्या डमीला गुंडाळावं आणि इतर पुस्तकांच्या रांगेत उभं करावं. कपाटापासून दोन पावलं मागे सरकून नाव वाचता येतं का बघावं. ब्लर्ब घरातल्या साठीच्या माणसाला ट्यूबलाइटखाली वाचायला द्यावा. तो पुस्तक हातभर लांब धरतो का, यावर लक्ष ठेवावं.

बारकोड मोबाइलने वाचून बघणं ठीक, पण मोबाइल फार समजूतदार असतो. अर्धवट बारकोडही वाचतो. ओळखीच्या दुकानदाराच्या स्कॅनरवर लॅमिनेशन झालेलं कव्हर एकदा धरावं. आणि यंत्र ‘पीं’ वाजलं म्हणून समाधान मानू नये. पडद्यावर उमटलेला क्रमांक आतल्या श्रेयनामावलीच्या पानावरच्या क्रमांकाशी आकडा न आकडा ताडून घ्यावा. तेराव्या आकड्याचं काम आधीच्या बारांपैकी एखादा चुकला तर ते पकडण्याचं आहे. पण डिझायनरने मागच्या पुस्तकाची फाइल उघडून त्यावरच हे पुस्तक बसवलं आणि जुना बारकोड तसाच राहिला, तर तो पूर्ण बरोबर असतो; फक्त दुसऱ्या पुस्तकाचा असतो. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानाच्या बिलावर मग कादंबरी विकत घेणाऱ्याच्या नावे पाककृतींचं पुस्तक चढतं, आणि वर्षअखेरीचा साठा जुळेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

पुढची आवृत्ती निघते तेव्हा जुनी फाइल ‘ओके’ असल्याच्या भरवशावर थेट छापायला जाते. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर आयएसबीएन तोच राहतो, मजकुरात महत्त्वाची भर घातलेली सुधारित आवृत्ती असेल तर नवा घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर बारकोडही. आपल्या नोंदींना नवी प्रस्तावना आणि परिशिष्ट जोडून एक फॉर्म वाढला असं धरू. पानं १९२, पत्रे ९६, कणा सव्वानऊ मिलिमीटर. वाढलेल्या पाऊण मिलिमीटरमुळे जुन्या फाइलमध्ये मुखपृष्ठाची दुमड तेवढ्याने सरकेल आणि नाव कण्याच्या मध्यापासून ढळेल. ती फाइल पुन्हा मापावी लागेल, डमी पुन्हा बांधावी लागेल. नाव मात्र आता चौदा पॉइंटमध्ये बसतं.